तुटलेल्या वाक्यापुढचा ‘नाही’

नाशिकच्या न्यायालयात मराठीतून चाललेल्या दाव्याचे अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले की त्यातल्या मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, कारण राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. जुन्या सीबीएस बसस्थानकाच्या परिसरात टंकलेखक आणि झेरॉक्सवाल्यांच्या शेजारी बसून माझ्यासारखे काही जण हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. खरेदीखते, साठेखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, जबान्या, फेरफाराचे उतारे असा हा सगळा माल असतो. त्याची भाषा इतकी ठरावीक असते की सरावलेल्या भाषांतरकाराला अर्धे वाक्य वाचताच उरलेले अर्धे आठवते. या लेखाचा विषय ही आठवणच आहे. वाक्य जिथे खरोखरच अर्ध्यावर तुटलेले असते, तिथे ती मदत करण्याऐवजी घात करते, आणि तो घात भाषांतर वाचणाऱ्या कोणालाही दिसत नाही.

एक उदाहरण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. निफाड तालुक्यातील एका शेतजमिनीच्या खरेदीखताची छायाप्रत माझ्याकडे आली होती. अपिलाची मुदत हुकूमनाम्यापासून ९० दिवसांची, त्यातले बरेचसे दिवस पक्षकाराने आधीच खर्च केलेले, त्यामुळे वकिलांना भाषांतर दुसऱ्या दिवशी सकाळी हवे होते. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ अशी होती: ‘सदर मिळकतीवर कोणत्याही बँकेचा, सोसायटीचा अथवा इसमाचा कोणताही बोजा’. इथे पान संपले होते. चौथे पान ‘व सदर मिळकतीचा प्रत्यक्ष कबजा लिहून देणार यांनी आज रोजी लिहून घेणार यांचे ताब्यात दिला आहे’ असे सुरू होत होते. मी क्षणभरही थांबलो नाही. ‘बोजा’ या शब्दापुढे ‘नाही’ येते हे मी शेकडो दस्तांत वाचले होते. पुढच्या पानावरचा ‘व’ त्या ‘नाही’ला नीट जोडला जात होता. मिळकतीवर कोणाचाही बोजा नाही, असे स्वच्छ, पूर्ण, व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्य मी लिहिले आणि खाली ‘खरे व बिनचूक भाषांतर’ म्हणून सही केली.

काही महिन्यांनी समोरच्या पक्षाने दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच दस्ताची प्रमाणित नक्कल काढून दाखल केली. तीत ते वाक्य असे होते: ‘कोणताही बोजा निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे आहे, मात्र विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज लिहून घेणार यांनी फेडावयाचे उभयतांत ठरले असून त्याबाबत लिहून देणार यांची कोणतीही जबाबदारी राहणार नाही’. म्हणजे सोसायटीचा बोजा होता, तो दोघांना माहीत होता आणि तो फेडण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्याने घेतली होती. आमचा पक्षकार म्हणजे विकत घेणाराच. माझा ‘नाही’ नेमका त्याच्या सोयीचा ठरला होता, आणि भाषांतर कोणाच्या बाजूने चुकले आहे हे पाहिल्यावर ती निव्वळ चूक आहे यावर समोरच्याने का विश्वास ठेवावा? दुरुस्त भाषांतर दाखल झाले, वकिलांनी चार शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. पण तेव्हापासून मला असे वाटत आले आहे की दोष एका भाषांतरकाराच्या उतावीळपणात जितका आहे, तितकाच तो पूर्ण दिसणाऱ्या भाषांतराला बक्षीस आणि अपूर्ण दिसणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या आपल्या पद्धतीत आहे.

हे असे का घडते याचे मूळ मराठी वाक्याच्या रचनेत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागे येतो. पान तळाशी कापले गेले की वाक्याची नावे, विभक्ती, विशेषणे शाबूत राहतात आणि नेमके तेच जाते ज्यावर होय की नाही, झाले की व्हायचे आहे, ठरले की नुसते बोलणे झाले, हे सारे अवलंबून असते. शिवाय ‘कोणताही’ हा शब्द मोठा फसवा आहे. ‘कोणताही बोजा नाही’ आणि ‘कोणताही बोजा निघाल्यास’ या दोन्हींत तो सारख्याच सहजतेने बसतो. इंग्रजीला मात्र हे चालत नाही. तिथे नकार वाक्याच्या तोंडाशीच ठेवावा लागतो: पहिल्या अर्थी ‘नो’, दुसऱ्या अर्थी ‘एनी’. म्हणजे मराठी वाक्याचा जो शेवटचा शब्द हरवला आहे, त्याच्यावर इंग्रजी वाक्याचा पहिला शब्द ठरतो. भाषांतरकार जेव्हा पहिलाच शब्द लिहितो, तेव्हाच त्याने शेवट कल्पिलेला असतो. पुष्कळदा आपण काही कल्पिले आहे हे त्याच्या गावीही नसते, कारण त्याच्या मते त्याने अजून वाक्य सुरूच केलेले असते.

तुटलेल्या वाक्यातून मुळीच काही कळत नाही असे मात्र नाही, आणि हेही सांगायला हवे. ‘प्रतिवादीने वादीस सदर रक्कम’ एवढेच उरले असेल, तर ‘ने’ हा प्रत्यय आपल्याला बरेच सांगतो. ‘प्रतिवादीने देतो’ किंवा ‘प्रतिवादीने देईल’ असे मराठीत होत नाही. तेव्हा पुढे ‘दिली’सारखे भूतकाळी क्रियापद असणार, नाहीतर ‘द्यावी’, ‘द्यावयाची’ असे कर्तव्य सांगणारे रूप असणार. व्याकरणाने शक्यता कमी केल्या. पण ज्या उरल्या त्यांत ‘दिली’, ‘दिली नाही’ आणि ‘द्यावयाची आहे’ या तिन्ही आहेत, आणि पैशाच्या दाव्यात या तिघांमधले अंतर म्हणजेच तो दावा असतो. व्याकरण अंदाजाला कुंपण घालते, पण कुंपणाच्या आत काय आहे ते सांगत नाही.

माझ्या त्या खरेदीखताकडे मी पुढे पट्टी घेऊन पाहिले. मूळ दस्त लीगल आकाराच्या कागदावर होता, म्हणजे १४ इंच किंवा सुमारे ३५६ मिलिमीटर उंच. छायाप्रत ए-४ कागदावर काढलेली, म्हणजे २९७ मिलिमीटर. प्रत लहान करून न काढता तशीच काढली, तर तळाचे ५९ मिलिमीटर जातात. दुहेरी अंतराने टंकलेल्या मजकुरात एका ओळीला साधारण साडेआठ मिलिमीटर लागतात. तळाचा इंचभर समास वजा केला, तरी चार ओळी गेलेल्या असणार. मी ‘नाही’ हा एकच शब्द गेला असे धरून चाललो होतो. तो शब्द लिहून पूर्णविराम दिला, तेव्हा एक शब्द घातला एवढ्यावर ते थांबले नाही. चार ओळींची गैरहजेरी मी झाकून टाकली. अपिलात ते वाचणाऱ्याला तिथे काही गहाळ आहे हे कळण्याचा मार्गच उरला नाही. दस्ताच्या प्रत्येक पानावर निबंधकाच्या शिक्क्यात पान क्रमांक आणि एकूण पाने असतात, त्यामुळे अख्खे पान गेले तर लगेच कळते. तळ कापला गेला तर तो शिक्का काहीच बोलत नाही.

यावर वकील मंडळींचा आक्षेप असतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, भाषांतर हे वापरण्यासाठी असते. त्यात भोके दिसली तर कार्यालयीन हरकत निघते, प्रकरण बोर्डावर यायला उशीर होतो आणि पक्षकाराला वाटते की भाषांतरकाराला काम येत नाही. शिवाय दहापैकी नऊ वेळा तो ‘नाही’ बरोबरच असतो. असेल, मी आकड्यावर वाद घालत नाही. माझे म्हणणे इतकेच की दहाव्या वेळेचा कागद बाहेरून उरलेल्या नऊंसारखाच दिसतो. चुकीचे स्पेलिंग दिसते, सुटलेला परिच्छेद मूळ कागद शेजारी ठेवला की दिसतो. पण चांगल्या हाताने रचलेला शेवट दिसत नाही, कारण तो चांगल्या हाताने रचलेला असतो. भाषांतरकार जितका अनुभवी, तितका त्याचा कल्पित शेवट अस्सल.

आणि ज्या न्यायालयासाठी हा खटाटोप चालतो, त्याचा स्वतःचा कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. १८७२च्या पुरावा कायद्याचे ९३वे कलम असे होते की दस्ताची भाषा वरवर पाहताच संदिग्ध किंवा सदोष असेल, तर तो दोष भरून काढणाऱ्या गोष्टींचा पुरावा देता येत नाही. कलमाखालचे उदाहरण तर थेट रिकाम्या जागांचे होते: दस्तात कोऱ्या जागा आहेत, त्या कशा भरायच्या होत्या हे दाखवणारा पुरावा देता येणार नाही. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे. मूळ दस्तातच जागा कोरी असणे आणि छायाप्रतीत ओळी कापल्या जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात मूळ शब्द कुठेतरी जिवंत असतात आणि ते मिळवता येतात. पण पहिल्या प्रकारात शपथेवर बोलणाऱ्या, उलटतपासणीला तयार असलेल्या साक्षीदारालाही जे करू दिले जात नाही, ते भाषांतरकार कोणाच्याही नकळत, पानामागे ठरलेल्या दराने करून मोकळा होतो. ही विसंगती मला फार बोचते.

नाशिककरांना यासाठी लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत. फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एपिग्राफिया इंडिका या शिलालेखविषयक नियतकालिकाच्या आठव्या खंडात हे लेख संपादित केले. शिलालेख वाचणाऱ्यांची एक जुनी शिस्त आहे. दगडावर झिजलेले पण संदर्भाने वाचता येणारे अक्षर चौकोनी कंसात द्यायचे, जिथे काहीच दिसत नाही तिथे टिंबे द्यायची आणि आपला तर्क तळटीपेत मांडायचा. त्यामुळे पुढचा अभ्यासक लेण्यात उभा राहून म्हणू शकतो की कंसातले अक्षर मला पटत नाही. सातवाहनांच्या दानपत्राला आपण ही काळजी देतो, कारण ते विद्वानांच्या हाती आहे. निफाडच्या शेतकऱ्याच्या खरेदीखतावर आज कोणाची तरी दोन एकर बाग अवलंबून असते, पण त्याला कंस मिळत नाही.

उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, भोक सरकते. ते वाक्याच्या शेवटी न राहता पोटात जाते आणि म्हणून लपवायला अधिक सोपे होते. द्राक्षावरच्या एका औषधाच्या माहितीपत्रकाचा मजकूर मला एक्सेलच्या तक्त्यात आला होता. एका खान्यातले शेवटचे वाक्य ‘डू नॉट स्प्रे विदिन’ इथे तुटले होते. इंग्रजीत हे तुटलेपण उघडे दिसते. मराठीत मात्र ‘फवारणी करू नये’ हे शेवट बंद करणारे शब्द आपल्याकडे आधीच असतात, फक्त त्यांच्या अलीकडचे काहीतरी हवे असते. माझ्या आधी हे काम केलेल्याने लिहिले होते: ‘काढणीपूर्वी काही दिवस फवारणी करू नये’. वाक्य इतके गोल झाले होते की कोणाला शंकाही आली नसती. ‘काही’ हा शब्द त्याला नम्र, निरुपद्रवी वाटला असावा, आकडा तर घातला नाही ना! पण ‘काढणी’ कुठून आली आणि ‘दिवस’ तरी कुठून आले? ‘विदिन’ वेळेलाही लागते आणि अंतरालाही. विहिरीपासून किंवा मधमाश्यांच्या पेट्यांपासून अमुक मीटरच्या आत फवारू नका, असेही ते वाक्य असू शकले असते. वेळ धरली, तरी फुलोऱ्याच्या आसपासचे बंधन असू शकते, पावसाच्या आधीचे असू शकते.

शेवटच्या फवारणीपासून खुड्यापर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, ज्याला आमच्याकडचे निर्यातदार बागायतदार सरळ पीएचआय म्हणतात, त्या आकड्याची किंमत नाशिकला कोणी शिकवायला नको. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मोकळीक असते. अशा ठिकाणी ‘काही दिवस’ वाचणारा शेतकरी आपल्या अनुभवाने आठ धरेल किंवा पंधरा, आणि छापील माहितीपत्रकाप्रमाणे वागलो असे मानेल.

मराठीत इथे प्रामाणिक वाक्य करता आले असते, हे विशेष. ‘आत’ हा आपला शब्दही वेळ आणि अंतर दोन्हींना चालतो: ‘[मूळ मजकूर येथे तुटलेला आहे] च्या आत फवारणी करू नये’. दिसायला ओबडधोबड आहे, छापखान्यात जाऊ नये इतके ओबडधोबड, आणि तेच त्याचे काम आहे. मी तक्ता पाठवणाऱ्याला तो खाना मोजून दाखवला. त्यातल्या तुटलेल्या सगळ्या नोंदी बरोबर २५५ चिन्हांच्या होत्या. वेगवेगळी वाक्ये एकाच लांबीवर तुटत असतील, तर ती लेखकाने तोडलेली नसतात, कुठल्यातरी साठवणीच्या खान्याने कापलेली असतात आणि मूळ फाइलमध्ये पुढचा मजकूर असतोच. तो दोन दिवसांत आला. अंतराचाच नियम निघाला, पाण्याच्या साठ्यापासूनच्या. आधीचे ‘काही दिवस’ मात्र त्या कामाच्या सॉफ्टवेअरमधल्या भाषांतरस्मृतीत साठून राहिले होते आणि तसेच वाक्य आले की आयते पुढे केले जात होते. ते शोधून काढण्यात भाषांतरापेक्षा जास्त वेळ गेला.

कोणताच शेवट कधीच भरू नये, इतके टोकाचे माझे म्हणणे नाही. ‘ता. निफा’ इथे ओळ तुटली आणि त्याच दस्तात वर चार वेळा ‘निफाड’ आले असेल, तर उरलेले अक्षर कंसात लिहावे. आकड्यांच्या बाबतीत मात्र माझा हात आखडतो. ‘अक्षरी रुपये दोन लाख पंच’ इथे कागद फाटला असेल, तर पुढे पंचवीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पंचाहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव असे बरेच काही असू शकते, तेही हजार की नुसते रुपये हे वेगळेच. वरच्या परिच्छेदात २,२५,००० हा आकडा असला, तरी तो कुठून घेतला हे टीपेत सांगूनच मी ‘पंचवीस हजार’ कंसात लिहितो, कारण अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नाही हाच पुष्कळदा वादाचा मुद्दा असतो आणि तो मी माझ्या टेबलावर मिटवून टाकणे योग्य नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि थोडी कंटाळवाणी आहे. प्रमाणित भाषांतराच्या वरच्या बाजूला भाषांतर मूळ दस्तावरून केले, प्रमाणित नकलेवरून केले की छायाप्रतीवरून, हे लिहिणे सक्तीचे असावे. तुटलेल्या जागी एकच ठरलेली खूण असावी, तिच्यात तुटण्याचे कारण आणि अंदाजे किती मजकूर गेला ते द्यावे, आणि भाषांतरकाराला काही सुचवायचे असेल तर ते मजकुराबाहेर, त्याच्या नावाने यावे. अशी खूण असलेले भाषांतर अपूर्ण म्हणून परत करू नये. नोंदणी कायद्याच्या ५७व्या कलमाखाली नक्कल मिळते, ती आणण्यास पक्षकाराला सांगावे. दुय्यम निबंधकाकडे अर्ज आणि शुल्क भरून जे चार दिवसांत मिळू शकते, त्याच्या जागी माझ्या डोक्यातला सराव का चालवून घ्यायचा?

हे सगळे कापल्या गेलेल्या वाक्यांबद्दल झाले, ज्यांचा शेवट कुठेतरी लिहिलेला आहे. मला अधिक अडवतात ती वाक्ये बोलणाऱ्यानेच अर्ध्यावर सोडलेली असतात. एका जबानीत साक्षीदार म्हणतो, ‘मी त्याला त्या दिवशी’, आणि पुढे न्यायाधीशांची नोंद आहे की साक्षीदार गप्प राहिला. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल अशी नोंद करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १८व्या आदेशाचा १२वा नियम न्यायालयाला देतो, तेव्हा ते गप्प राहणे हाही अभिलेखाचाच भाग आहे. इथे ‘ने’ नाही, कारण ‘मी’ला तो लागत नाही, काळ कळायला काही आधार नाही. ‘त्याला’ म्हणजे त्याला पाहिले, की त्याला पैसे दिले, की त्याला मारले? इंग्रजीत पहिल्या आणि तिसऱ्या अर्थी नुसते सर्वनाम पुरते, दुसऱ्या अर्थी त्याच्या आधी ‘टू’ही येऊ शकते. क्रियापद कळल्याशिवाय ‘त्याला’ हा दोन अक्षरांचा शब्दसुद्धा नीट भाषांतरित होत नाही. मी ‘मी’ आणि ‘त्या दिवशी’ एवढे इंग्रजीत लिहिले, ‘त्याला’ रोमन लिपीत तसेच ठेवले, खाली टीप दिली की हे सर्वनाम कर्मही असू शकते आणि संप्रदानही, आणि न्यायाधीशांची नोंद शब्दशः उतरवली. वकिलांनी ते पान दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा मी तेच पुन्हा छापून दिले.